सूचक, अनुमोदक

रामरावांनी माझ्या आईला भर ग्रामसभेत वेडी ठरवलं, आणि तेही मायेच्या सुरात. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते, मायेला काय देणार?

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आमचा तांडा मानोरा तालुक्यातल्या ज्या गावाला जोडलाय, त्या गावात आणि तांड्यात एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात शेळ्या बसतात. पावसाळ्यात तो कधी गुडघ्याला लागतो, कधी गळ्याला, आणि कधी माणूसच घेऊन जातो. त्यावर रपटा हवा, म्हणजे पाणी वरून गेलं तरी पाय टेकायला सिमेंटची वाट हवी, एवढी आमची मागणी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ धनराज गावातल्या गिरणीतून दळण घेऊन परत येत होता. एकोणीस वर्षांचा. पाणी ओसरायची वाट बघत तो काठावर बाभळीजवळ उभा होता. आई पलीकडच्या काठावर उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. मी तेव्हा मानोऱ्याला कॉलेजच्या परीक्षेत बसले होते.

आईला आम्ही याडी म्हणतो. घरी आमची बोली वेगळी, गावात वऱ्हाडी. याडीचं नाव गोमतीबाई.

त्यानंतरची ग्रामसभा दोन ऑक्टोबरची. याडीनं आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत हात वर केला. आठ दिवस तिनं मनात घोकलं होतं: किती घरं, किती पोरं शाळेत जातात, किती दिवस वाट बंद राहते. ती उठली. तोंड उघडायच्या आधीच उपसरपंच रामराव खुर्चीवरून अर्धे उठले आणि हात जोडून म्हणाले,

"एक मिनिट. सगळ्यायले एक इनंती करतो. गोमतीबाई बोलून राह्यली. पोरगा गेल्यापासून तिचं डोकं जाग्यावर नाई, हे आपल्याले माहीत हाय. काई भलतंसलतं बोलली तर कोणी मनावर घेऊ नका. बोल बाई, बोल. मन मोकळं कर."

संपलं. याडी म्हणाली, "माझं डोकं जाग्यावर हाय." आता सांगा, कोणता वेडा म्हणतो की मी वेडा आहे? तिचा आवाज चढला तशी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग ती रडली, तशा बायका च्च् च्च् करू लागल्या. ती शांतपणे बोलली असती तर गोळ्या चालू असतील म्हणाले असते. किती घरं, किती पोरं, सगळं तिनं सांगितलं, एकही आकडा चुकला नाही, पण ऐकणारे आकडे ऐकतच नव्हते. ते तिच्या डोक्याची तपासणी करत होते.

मग माझे वडील अमरसिंग उठले. "तिचं सोडा. रपट्याचं सांगा."

रामराव लगेच म्हणाले, "पाहू ना, रपट्याचं पाहू. नाई कोण म्हणते? पण मी म्हणतो, परवा उकंडरावचं सोयाबीन रोह्यायनं लोळवलं त्याचं काय? गावाच्या तोंडचा घास चालला!"

बस्स! रोही म्हणजे नीलगाय, आणि आमच्याकडे रोह्याचं नाव काढलं की प्रत्येक शेतकऱ्याजवळ सांगायला एक रोही असतो. कोणाची तूर, कोणाचा हरभरा. रोही किती उंच उडी मारतो यावर दोघं भांडले. तासभर रोहीच रोही. मग चहा आला, हजेरी वहीवर सह्या झाल्या आणि सभा संपली. रोह्यांचंही काही झालं नाही, ही त्यातली गंमत. रामरावांना रोह्यांशी घेणंदेणं नव्हतंच. ते साप साप म्हणून भुई धोपटत होते, आणि सगळं गाव काठ्या घेऊन त्यांच्या मागे.

त्या दिवशी नाल्यातून परत येताना याडी एवढंच म्हणाली, "मी नीट बोलली होती ना?" मी तेव्हाच ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

माझा राग तापट नाही. तो चुलीतल्या राखेखालच्या विस्तवासारखा आहे, फुंकर मारायला वेळ लागतो. कॉलेजात मी वादविवाद स्पर्धा जिंकत असे. तिथं विषय सोडून कोणी बोललं तर सर टेबलावरची घंटा वाजवत. ग्रामसभेत घंटा नसते, आणि असती तरी रामरावांच्याच खिशात असती. सरपंच वैजयंतीबाई त्यांच्या चुलतभावाची सून. खुर्ची तिची, आवाज यांचा.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि तीन वर्षांच्या ग्रामसभांच्या कार्यवृत्ताच्या नकला काढल्या. ग्रामसेवकानं दोनदा हेलपाटे घालायला लावले, पण दिल्या. रात्रंदिवस काही वाचावं लागलं नाही, दुपारच्या एका बैठकीत सगळं दिसलं. रपट्याचा विषय सात वेळा निघाला होता. पाच वेळा त्याच्या खालच्याच ओळीत रोही. एकदा मंदिराचा भोंगा. एकदा कोणाची तरी म्हैस. एका ठिकाणी आमच्या बाबूसिंगकाकांनी विचारलेलं, आणि त्याच्या आधी रामरावांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं: "हे लोक सहा महिने ऊसतोडीले बाहेर राहतात, त्यायले गावाचं काय समजते, तरी ऐकून घ्या." ग्रामसेवकानं इमानदारीनं लिहून ठेवलं होतं बिचाऱ्यानं.

म्हणजे डाव दोनच होते. बोलणारा उठायच्या आत त्याला खोटा पाडायचा. तरीही तो बोललाच तर रोही सोडायचा. वीस वर्षं या दोन डावांवर माणूस उपसरपंच! आम्हीच मूर्ख, दरवेळी नव्यानं फसायचो.

या वर्षीची दोन ऑक्टोबरची सभा महत्त्वाची होती. पुढच्या वर्षीचा विकास आराखडा त्यात ठरायचा. दसरा झाला की तांडा रिकामा होतो, लोक ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. सव्वीस जानेवारीच्या सभेत आमच्याकडून हात वर करायला चार म्हाताऱ्या उरतात. या सभेत रपटा आराखड्यात आला नाही तर अजून एक पावसाळा, अजून कोणाचं तरी दळण.

म्हणून मी पंधरा दिवस आधी गेले थेट उकंडरावांच्या घरी. ज्यांचं सोयाबीन लोळवलं ते हेच. ते खळ्यात ताडपत्री पसरत होते.

"काका, रोह्यायचा विषय लेखी द्या," मी म्हटलं. "सौर कुंपणाची मागणी करा. अन् पयला विषय म्हून घ्यायले लावा."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "तुले काहून रोह्यायचा एवढा पुळका?"

"तीन वर्षं झाले, रामराव सभेत रोह्यायवर बोलून राह्यले. एक तरी ठराव झाला का?"

डोक्यावरचं फडकं काढून त्यांनी तोंड पुसलं. "नाई झाला," ते म्हणाले. "बोलणं तं लय झालं."

"बोलणंच करायचं होतं त्यायले. ठराव नव्हता करायचा."

त्यांनी अर्ज दिला. मीही रपट्याचा अर्ज दिला आणि सरपंचबाईकडून पोच घेतली. वैजयंतीबाईनं दोन्ही अर्ज वाचले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. नोटीस लागली. विषय क्रमांक एक, रोही. विषय क्रमांक दोन, नळाच्या तोट्या. विषय क्रमांक तीन, रपटा.

आदल्या संध्याकाळी याडी भाकरी थापत म्हणाली, "उद्या मी बोलू का?"

"नको. तू फक्त बस. तू उठली की तो पुन्हा तेच म्हणेल."

"अर्जात जागा कोणती लिहिली?"

"बाभळीजवळ. जिथं तो गेला तिथंच. रोज सगळ्या गावानं त्याच्यावरून जायला पाहिजे."

खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. बाभळीला लागून रामरावांचं शेत आहे. तिथं रपटा झाला की रस्ता त्यांच्या बांधाला घासून जाणार. त्यांच्या हरभऱ्यातून तांड्याची पोरं रोज शाळेत जाताना दिसावीत, अशी माझी फार इच्छा होती.

याडीचा हात परातीवर थांबला. "तिथला काठ," ती म्हणाली, पण मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "याडी, सगळं ठरलंय आता." तिनं भाकरी तव्यावर टाकली.

सभा समाजमंदिरात भरली. सोयाबीन काढणीचे दिवस, तरी माणसं आली होती, कारण पहिला विषय रोही. पाऊण तास रोही चालला. मनसोक्त चालू दिला मी. उकंडराव बोलले, बाकीचे बोलले, आम्ही तांड्यातल्या माणसांनीही हात वर केले. सौर कुंपणाचा ठराव एकमतानं झाला. रामरावांनी टाळ्याही वाजवल्या. आपल्या गोठ्यातलं जनावर कोणी तरी सोडून नेलंय, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. तोट्या पाच मिनिटांत झाल्या.

"विषय क्रमांक तीन," ग्रामसेवक म्हणाला.

मी उठले. रामराव अर्धे उठलेच. मी त्यांच्या आधी बोलले.

"बसा काका, तुमचं मीच सांगतो, तुमाले तरास नको. माझ्या मायचं डोकं जाग्यावर नाई. आमी सहा महिने गावात नसतो. मी कॉलेज शिकली म्हून मले शिंगं फुटले. झालं? आता हे सगळं खरं हाय असं समजा. डोक्यानं गेलेल्या बाईची, बाहेर राहणारी, शिंगं फुटलेली पोरगी इचारते: नाल्यावर रपटा नसल्यानं वर्षात किती दिवस वाट बंद राहते? याचं उत्तर माझ्या मायच्या डोक्यात नाई, नाल्यात हाय. जाऊन पाहा."

हसू फुटलं. रामराव हसले नाहीत. मी कार्यवृत्ताच्या नकला काढल्या आणि सातही ओळी वाचल्या. रपटा, रोही. रपटा, रोही. रपटा, भोंगा. चौथ्या ओळीला लोक आधीच ओरडू लागले, "रोही!" म्हशीला तर समाजमंदिर दणाणलं.

रामराव म्हणाले, "पोरी, कागद वाचून गाव चालत नाई. रपट्याले आमचा इरोध नाईच. पण शेतकऱ्याचा जीव चालला, हे रोही..."

"रामराव," उकंडराव बसल्या जागेवरून म्हणाले, "रोही पयल्या नंबरवर बांधले आपण. ठराव झाला. आता तीन नंबरवर बोला."

मी असा चेहरा कधी पाहिला नव्हता. खिशात हात घालावा आणि खिसाच नसावा, तसा. तीन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच, आणि ते गोड लागलं, अगदी गुळासारखं लागलं. खोटं कशाला बोलू?

इथं मी थांबायला हवं होतं. प्रश्न जिंकला होता. पण मला प्रश्न जिंकायचा नव्हता, माणूस पाडायचा होता. मी म्हटलं, "अजून एक ध्यानात ठेवा. बाभळीजवळ रामरावायचं शेत हाय. आता ते रपट्याच्या जागेबद्दल जे काई बोलतील ते आपल्या बांधासाठी बोलतील. बोला काका, बोला."

शब्द माझे होते, पण सूर त्यांचाच. तीन वर्षं ऐकून ऐकून पाठ झाला होता.

रामराव उभे राहिले. आवाज खाली गेला होता. "माझं शेत हाय, खरं हाय. पण बाभळीजवळ रपटा करू नका. तो काठ खालून पोकळ हाय. दरसाल खचते. शंभर पावलं वर खडक लागते, तिथं करा. टिकंल."

लोक हसले. कोणी तरी मागून म्हणालं, "बांध वाचवून राह्यला!" दुसरा म्हणाला, "आता खडकावर रोही बसला काय?" पुन्हा हशा. रामराव हात वर करून सांगत होते, "आरे ऐका, खरं सांगून राह्यलो," आणि जितकं सांगत होते तितके लोक हसत होते. चिडले तर हसत, विनवलं तर हसत. दोन्ही दारं बंद.

मी ते पाहिलं आणि मला याडीचा त्या दिवसाचा चेहरा दिसला. तरी मी गप्प राहिले. ते खरं बोलतायत की खोटं, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. ग्रामसेवकानं पेन उचललं. "बाभळीजवळ, असं लिहू ना?"

"थांब," मागून आवाज आला.

याडी उठली होती. मी डोळ्यांनी तिला बस म्हणाले. ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

"माझं डोकं जाग्यावर नाई," ती म्हणाली. "ते मघाशी माझ्या पोरीनं सांगितलं, पयले रामरावनं सांगितलं होतं. ठीक हाय. पण डोळे जाग्यावर हायत. माझा धनराज पाण्यात उतरला नव्हता. काठावर उभा होता, दळणाचा डबा डोक्यावर घेऊन. पाणी तं कमरेलेबी नव्हतं. काठच खाली गेला, त्याच्यासकट. मी समोर होती. तीन वर्षं झाले, मले कोणीच इचारलं नाई की कसा गेला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू बी नाई."

माझ्या कानशिलात मारली असती तर कमी लागलं असतं.

"रामराव आपल्या बांधासाठी बोलून राह्यला, ते बी खरं असंल," ती पुढं म्हणाली. "पण काठ खचते ते खरं हाय. माणूस वंगाळ हाय म्हून काठ मजबूत होत नाई. वर खडक हाय, तिथंच रपटा पाह्यजे. माझ्या शब्दावर लिहा."

कोणी हसलं नाही. उकंडराव म्हणाले, "बाई बरोबर बोलून राह्यली." मग दुसरा, तिसरा. तीच जागा, तीच शंभर पावलं, तोच खडक. पाच मिनिटांपूर्वी त्यावर लोक लोळून हसले होते.

ग्रामसेवकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: वरच्या अंगाला खडकाच्या ठिकाणी रपटा, पुढील वर्षाच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर. "सूचक?"

"गोमतीबाई अमरसिंग," सरपंच वैजयंतीबाई म्हणाल्या. सबंध सभेत त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"अनुमोदक?"

दहा हात वर झाले. याडीनं ते हात पाहिलेच नाहीत. ती सरळ पुढं गेली, टेबलापाशी. "जागा रामरावनं सांगितली," ती म्हणाली. "अनुमोदन त्यायचंच घ्या."

आता रामरावांची पंचाईत पाहा. नाही म्हणावं, तर स्वतःचंच म्हणणं खोटं. हो म्हणावं, तर ज्या बाईला गावासमोर वेडी ठरवलं, तिच्या शब्दाला मान द्यायचा, आणि तो कागदावर. माझ्या साऱ्या आखणीत असा फास मला सुचला नव्हता. मी माणसाला खोटा पाडून सूड घेत होते. याडीनं त्याला खरा ठरवून घेतला.

नियमानं नुसती नावं लिहिली तरी चालतात. पण वैजयंतीबाईनं वही फिरवली आणि म्हणाल्या, "दोघायच्या सह्या घ्या." चुलतसासऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

याडीनं सही केली. सही तिला धनराजनं शिकवली होती, दुसरं काही लिहिता येत नाही. एकेक अक्षर पाडायला वेळ लागला आणि सगळं गाव थांबलं. मग तिनं पेन रामरावांपुढं धरलं. ते घेईनात. साऱ्या समाजमंदिराचे डोळे त्या पेनावर होते.

याडीनं मान थोडी कलती केली आणि अगदी मायेनं म्हणाली,

"करा रामराव, करा सही. मन मोकळं करा."

रामरावांनी पेन घेतलं आणि तिच्या नावाखाली सही केली.